तीन पेड, बारा चित्रं

पहिल्या चित्रात मुक्ताची वेणी कमरेपर्यंत होती. दुसऱ्यात ती खांद्यापर्यंत आखडली, तिसऱ्यात एकीच्या दोन झाल्या आणि चौथ्यात केस मोकळेच सुटलेले. गोष्ट मात्र एकाच दिवसाची होती. सकाळी आई मुक्ताची वेणी घालून देते, दिवसभर ती तशीच राहते आणि संध्याकाळी विहिरीपाशी सुटते. वेणी सुटणं हाच गोष्टीतला महत्त्वाचा प्रसंग. ती आधीच चौथ्या पानावर सुटली, तर गोष्टीत सांगण्यासारखं काही उरत नव्हतं.

मजकूर लिहून द्यायचा आणि चित्र मिळवायचं, अशी एआयची साधनं आता अनेकजण वापरतात. मुलांसाठी बारा चित्रांची ही गोष्ट मी तशीच करायला घेतली होती. चेहरा, फ्रॉक, अंगण हे सगळं दोन दिवसांत बऱ्यापैकी जमलं. वेणीनं मात्र तीन आठवडे घेतले.

हे असं का होतं, ते आधी समजून घ्यायला हवं. चित्रकार वेणी काढतो तेव्हा तीन पेड एकमेकांवरून कसे जातात हे त्याला माहीत असतं. हे साधन पेड मोजत नाही. ते रंगीत ठिपक्यांच्या गोंधळातून सुरुवात करतं आणि तो गोंधळ पायरीपायरीनं निवळत नेतं. आधी मोठे आकार ठरतात, मग बारकावे. ‘इथे काहीतरी गुंफलेलं आहे’ एवढं त्याला उमगतं; वर डावीकडून निघालेला पेड खाली कुठे निघतो, याचा हिशोब ते ठेवत नाही. त्यात आणखी एक अडचण असते. 2022 साली आलेल्या ‘स्टेबल डिफ्युजन’मध्ये हे निवळण्याचं काम चित्राच्या आठपट लहान केलेल्या रूपावर चालतं. चित्र 512 बाय 512 ठिपक्यांचं असेल, तर आतला हिशोब 64 बाय 64 चौकटींचा. अंगणाच्या टोकाला उभी असलेली लहानगी मुक्ता काढायची, तर तिच्या वेणीच्या वाट्याला रुंदीत एखाददुसरी चौकट येते. एका चौकटीत तीन पेड मावणार कसे? म्हणून दूरच्या चित्रात वेणीचा हमखास काथ्याचा दोर होतो.

माझी पहिली चूक शब्दांची होती. मी मराठीत ‘लांब वेणी’ असं लिहिलं आणि मुलीच्या केसांत पांढऱ्या फुलांची माळ आली. आपल्याकडे केसांच्या गुंफणीलाही वेणी म्हणतात आणि केसांत माळायच्या फुलांनाही वेणीच म्हणतात, त्यामुळे साधनाला दोष देण्यात अर्थ नव्हता. इंग्रजीकडे वळले तरी केवळ नावानं काम होईना. `braid` एवढंच लिहिलं की कधी तिपेडी वेणी यायची, कधी डोक्यालगत गुंफत आणलेली सागरवेणी, तर कधी गव्हाच्या ओंबीसारखं काहीतरी. मग लक्षात आलं, की इथे नाव सांगून भागत नाही, आकार सांगावा लागतो. वेणी कुठून सुरू होते, किती पेडांची आहे, कुठे संपते, कशानं बांधली आहे, या चार गोष्टी. लांबी इंचात सांगून उपयोग होत नाही, शरीराच्या खुणेनं सांगावी लागते: खांदा, कोपर, कंबर. गुंफणीचे वळसे आठ की दहा, हे सांगून पाहिलं, पण ते कधीच ऐकलं गेलं नाही.

शेवटी मुक्ताच्या केसांचं वर्णन असं ठरलं:

```
one thick three-strand braid, starting at the nape,
hanging over her left shoulder, ending at the waist,
tied with a red ribbon, short loose tuft below it,
center part, fine flyaway hairs at the temples
```

मानेपासून सुरू होणारी एकच जाड तिपेडी वेणी, डाव्या खांद्यावरून पुढे आलेली, कमरेशी संपणारी. टोकाला लाल रिबीन, रिबिनीखाली आखूड झुबका. मधोमध भांग आणि कानशिलांवर भुरभुरणारे बारीक केस. यातला ‘पुढे आलेली’ हा भाग मला फार उशिरा सुचला. मुलगी समोरून दिसत असेल आणि वेणी पाठीवर असेल, तर ती चित्रात दिसतच नाही, आणि जे दिसत नाही त्याची साधनाला आठवण नसते. पुढच्या पानावर ती मुलगी बॉबकटमध्ये हजर. वेणी एकदा खांद्यावरून पुढे घेतली की प्रत्येक चित्रात तिची साक्ष राहते. डावा-उजवा हाही घोळच. साधन कधी मुलीचा डावा खांदा धरतं, कधी पाहणाऱ्याचा. खांदा चुकला की मी ते चित्र सरळ बाद करत असे.

कानशिलावरचे भुरे केस आणि रिबिनीखालचा झुबका हे बारकावे वाटतील, पण वेणी खरी वाटते ती त्यांच्यामुळेच. खऱ्या वेणीत पेड वर जाड असतात आणि खाली निमुळते होत जातात. उजेड प्रत्येक उंचवट्यावर वेगळा, तुटक चमकतो. वरपासून खालपर्यंत एकच चकाकती रेघ दिसली, तर ती प्लास्टिकची नळी झाली म्हणून समजा. आणि सकाळी घातलेल्या वेणीतून दुपारपर्यंत दोन-चार केस सुटतातच.

नको असलेली गोष्ट ‘नको’ म्हणून लिहू नये, हेही याच काळात कळलं. ‘मोकळे केस नकोत’ असं लिहिलं की बऱ्याचदा मोकळे केस येतातच, कारण मजकुरात तेच शब्द असतात. त्याऐवजी ‘सगळे केस वेणीत घट्ट गुंफलेले’ असं हवं ते लिहावं. तसंच रंगाचं. लाल रिबीन म्हटलं की लाल रंग फ्रॉकवर ओघळायचा. फ्रॉकचा रंगही प्रत्येक वेळी स्पष्ट लिहायला लागल्यावर हे बरंच थांबलं.

वर्णन पक्कं झालं म्हणजे बारा चित्रांत वेणी एकसारखी येईल, असं मात्र नाही. प्रत्येक चित्र कोऱ्या पाटीवर सुरू होतं. ‘सीड’ नावाचा आकडा तोच ठेवला की मुलगी तीच राहते, असं अनेकांना वाटतं. मलाही वाटत होतं. तो आकडा फक्त सुरुवातीचा गोंधळ तोच ठेवतो. मजकुरात अंगणाऐवजी विहीर आली की त्याच गोंधळातून वेगळी मुलगी निघू शकते.

उपयोग झाला तो आधारचित्राचा. कोऱ्या पार्श्वभूमीवर मुक्ता समोरून, बाजूनं आणि पाठीमागून, अशी तीन रूपं एकाच चित्रात करून घेतली. त्यासाठी साठेक प्रयत्न झाले असतील. मग प्रत्येक पानासाठी हे चित्र संदर्भ म्हणून द्यायचं आणि केसांच्या त्या चार ओळी एकही शब्द न बदलता मजकुराच्या सुरुवातीलाच चिकटवायच्या. प्रसंग बदलेल, केसांच्या ओळी नाही. इथेही मी एक चूक केली. पाचवं चित्र छान आलं म्हणून सहाव्याला संदर्भ म्हणून तेच दिलं, सातव्याला सहावं. नवव्या पानापर्यंत वेणी मनगटाएवढी जाड झाली होती आणि रिबिनीचं फूल. दर वेळची बारीक चूक पुढच्या चित्राला वारशानं मिळत गेली होती. संदर्भ म्हणून दर वेळी मूळ आधारचित्रच द्यायला हवं होतं.

आता प्रश्न राहिला दूरच्या चित्रांचा. त्यावर उपाय म्हणजे चित्राचा तेवढाच भाग पुन्हा करून घेणं. वेणीवर, थोड्या खांद्यावर आणि फ्रॉकच्या कडेवर खूण करायची आणि तो तुकडा मोठा करून नव्यानं काढायला लावायचा. तुकडा मोठा झाल्यानं वेणीला जास्त चौकटी मिळतात आणि पेड दिसू लागतात. फक्त वेणीपुरती काटेकोर खूण केली, तर ती कात्रणासारखी चिकटवलेली दिसते. किती बदल करू द्यायचा याचा आकडा असतो, शून्य ते एक. मी 0.4 ते 0.5च्या आसपास थांबत असे. त्याहून कमी ठेवला की दोर दोरच राहायचा, फार वाढवला की दुसरीच वेणी यायची.

चित्र पास की नापास, हे मी बोटानं ठरवत असे. छापील कागदावर एका पेडावर बोट ठेवायचं आणि खाली न्यायचं. पेड एकदा वरून, एकदा खालून जायला हवा. मध्येच बोट अडलं किंवा तीनाचे चार झाले, तर चित्र परत. लहान मुली वेणी रोज पाहतात, त्यांना हे लगेच कळतं.

मुक्ताच्या मैत्रिणीचे केस कुरळे होते. तिथे त्रास कमी, पण धडा तोच. नुसतं `curly` लिहिलं की जाहिरातीतले चकचकीत लाटदार केस येत. केसांच्या वळ्या पेन्सिलीएवढ्या जाड, मुळापासून सुरू होणाऱ्या, आणि केसांचा घेर कानांच्या बाहेर हनुवटीपर्यंत, असं लिहिल्यावर ती मुलगी प्रत्येक पानावर ओळखू येऊ लागली. कुरळ्या केसांत प्रत्येक वळी तंतोतंत जुळत नाही आणि जुळायची गरजही नसते. घेर आणि वळीची जाडी जुळली की पुरतं.

वेणी सुटण्याच्या प्रसंगासाठी मी भाचीचे केस मोजून पाहिले. वेणी एकोणीस इंच, सोडल्यावर केस बावीस इंच. गुंफणीत लांबी खर्च होते. म्हणून अकराव्या चित्रात मोकळे केस कमरेच्या थोडे खाली गेलेले आहेत आणि दिवसभर गुंफलेले असल्यानं त्यांना लाटा आहेत. तेवढ्या एका पानासाठी केसांच्या ओळी नव्यानं लिहिल्या.

एक चित्र मात्र मला साधनाकडून मिळालं नाही. पहिल्या पानावर आई वेणी घालते आहे, तीन पेड तिच्या बोटांत आहेत आणि खाली अजून न गुंफलेले केस. दहा बोटं, तीन पेड, आणि कोणता पेड कोणत्या बोटात. दीडशेच्या वर प्रयत्न केले. कधी बोटंच केस झाली, कधी पेड हवेत संपले. ते पान शेवटी एका चित्रकार बाईंकडून हातानं काढून घेतलं. त्यांना अडीच तास लागले.