पंपाच्या अलीकडे, पंपाच्या पलीकडे

सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाशेजारी जमिनीखाली एक कोंदट खोली असते. आत मोटार घुमत असते, पिंपाएवढा फिल्टर उभा असतो आणि पाइपांच्या जाळ्यात पाच-सहा व्हॉल्व्ह असतात. पाहणारा पहिल्यांदा गोंधळतो. पण पंपाच्या अलीकडचं सगळं ओढणारं आणि पलीकडचं सगळं ढकलणारं, एवढं लक्षात ठेवलं की हे जाळं उलगडायला लागतं.

पुण्या-मुंबईकडच्या सोसायटीत शोभेल असा एक तलाव घेऊ. लांबी साडेबारा मीटर, रुंदी सहा मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे पाणी ९० हजार लिटर. हे सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावं असं ठरवलं, तर पंपाला तासाला १५ हजार लिटर उचलावे लागतात. मात्र एका फेरीत तलाव स्वच्छ होत नाही. गाळलेलं पाणी परत त्याच तलावात मिसळत असल्यामुळे काही पाणी दोनदा गाळलं जातं, तर काही एकदाही नाही. हिशेबाने पहिल्या फेरीनंतर साधारण ३७ टक्के पाणी न गाळलेलंच राहतं. चार फेऱ्यांनंतर ते दोन टक्क्यांवर येतं. म्हणून उन्हाळ्याच्या गर्दीत पंप तासभर चालवून भागत नाही.

आता ओढणारी बाजू पाहू. तलावातून पाणी दोन ठिकाणांहून निघतं. पहिलं ठिकाण स्किमर, म्हणजे पाण्याच्या पातळीवर भिंतीत बसवलेलं चौकोनी तोंड. पानं, धूळ, अंगाचं तेल, सनस्क्रीन ही सगळी घाण आधी पृष्ठभागावर तरंगते, आणि स्किमर पाण्याचा वरचा पातळ थर तेवढा खेचतो. त्याच्या तोंडाशी हलणारी झडप आणि आत जाळीची टोपली असते. आपल्या तलावाला दोन स्किमर पुरतात. वारा ज्या कडेकडे कचरा लोटतो, त्या कडेला ते हवेत. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून ती बहुधा पूर्वेची किंवा ईशान्येची कड असते.

दुसरं ठिकाण मेन ड्रेन, तळातली जाळी. नावामुळे तलाव रिकामा करण्याचं भोक वाटतं, पण तिचं रोजचं काम तळाजवळचं पाणी फिरवत ठेवण्याचं आहे. साधारण दोन तृतीयांश पाणी स्किमरमधून आणि एक तृतीयांश तळातून, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी ठेवतात.

या जाळीचा धोका मात्र ओळखून असावं. एका पंपाला एकच जाळी जोडलेली असेल आणि तिच्यावर एखाद्या मुलाची पाठ टेकली, तर पंपाची सगळी ओढ त्या शरीरावर येते. वीस सेंटिमीटर चौरस जाळीवर अर्ध्या वातावरणाइतका निर्वात दाब आला, तरी ती ओढ सुमारे दोनशे किलो वजनाएवढी होते. मोठ्या माणसालाही ती सुटत नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची व्हर्जिनिया ग्रॅम बेकर अशीच ड्रेनला अडकून बुडाली. तिच्या नावाने २००७ साली तिथे कायदा झाला. उपाय सोपा आहे: किमान तीन फूट अंतरावर दोन जाळ्या, दोन्ही एकाच पाइपला जोडलेल्या, मध्ये एकही व्हॉल्व्ह नाही आणि वर फुगीर, न निघणारं झाकण. एक जाळी झाकली गेली तर पाणी दुसरीतून येतं. झाकण तुटलेलं किंवा सैल दिसलं, तर पंप बंद करून तलावही बंद ठेवायचा.

स्किमर आणि मेन ड्रेन यांच्या पाइपांवर स्वतंत्र व्हॉल्व्ह असतात. पुढे ते पाइप एकत्र येतात आणि पाणी पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरमध्ये शिरतं. केस आणि पानं इथल्या टोपलीत अडकतात. त्यानंतर पंप. इथून ढकलणारी बाजू सुरू होते: मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, वाळूचा फिल्टर, परतीचा व्हॉल्व्ह, सर्वांत शेवटी क्लोरीन आणि मग भिंतीतल्या तोंडांतून पुन्हा तलाव. क्लोरीन शेवटी, कारण तीव्र क्लोरीन पंपातून किंवा हीटरमधून गेलं तर आतले धातू आणि रबर खराब होतात.

फिल्टरमध्ये सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीची वाळू असते. पाणी वरून खाली झिरपतं आणि घाण वाळूत अडकते. घाण साठेल तसा पाण्याला अडथळा वाढतो आणि फिल्टरवरचा काटा चढतो. वाळू स्वच्छ असताना काटा कुठे होता, ते भिंतीवर लिहून ठेवावं. समजा तो ०.८ बारवर होता. १.३ च्या पुढे गेला, की बॅकवॉशची वेळ झाली.

बॅकवॉशमध्ये पाणी उलटं, खालून वर सोडतात. वाळू उचलली जाते आणि घाण गटाराकडे जाते. इथे क्रम मोडून चालत नाही. आधी पंप बंद. मग गटाराच्या पाइपवर व्हॉल्व्ह असेल तर तो उघडायचा. मल्टिपोर्टचा दांडा दाबून ‘बॅकवॉश’वर न्यायचा आणि मगच पंप सुरू. काचेतलं पाणी गढूळ असतं ते नितळ होईपर्यंत, साधारण दोन-तीन मिनिटं, थांबायचं. आपल्या पंपाने मिनिटाला अडीचशे लिटर पाणी जातं, म्हणून उगाच जास्त वेळ चालवू नये. पुन्हा पंप बंद, दांडा ‘रिन्स’वर, पंप अर्धा मिनिट चालू. हे टाळलं तर हललेल्या वाळूतली घाण थेट तलावात येते. परत पंप बंद, दांडा ‘फिल्टर’वर, पंप सुरू.

स्ट्रेनरची टोपली काढतानाही असंच. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर आधी पंप बंद, मग ओढणारे व्हॉल्व्ह आणि परतीचा व्हॉल्व्ह बंद, आणि नंतरच झाकण उघडायचं. नाहीतर तलाव खोलीत उतरतो. झाकण लावल्यावर सगळे व्हॉल्व्ह उघडूनच पंप सुरू करायचा. एखादा बंद राहिला तर पंपातलं पाणी जागच्या जागी घुसळून तापतं आणि मोटारीचं सील जळतं.

एप्रिलमधला एक रविवार समजा. परतीच्या तोंडांतून बुडबुडे येत आहेत, धार मंदावली आहे, काटा ०.८ च्या खाली थरथरतो आहे. काटा खाली म्हणजे फिल्टर तुंबलेला नाही. पाणी पंपापर्यंतच नीट पोहोचत नाही, म्हणजे दोष अलीकडे आहे. ओढणाऱ्या बाजूला फट असेल तर तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत शिरते, म्हणून बुडबुडे. आता तलावाकडे पाहिलं, तर उन्हाने आणि उड्यांनी पाणी स्किमरच्या तोंडाच्या तळाशी गेलेलं दिसतं. ते तोंडाच्या निम्म्यावर असायला हवं. मेन ड्रेनचा व्हॉल्व्ह आधी पूर्ण उघडायचा, मगच स्किमरचा बंद करायचा, आणि तलाव भरायला लावायचा. पातळी ठीक असूनही बुडबुडे आले, तर टोपल्या आणि स्ट्रेनरच्या झाकणाची रिंग तपासायची.

एक दोष मात्र फसवा असतो. तलावाची पातळी रोज दोन-तीन बोटं उतरते आणि सगळे फरश्यांकडे संशयाने पाहतात. पंप चालू असताना मल्टिपोर्ट फिरवला तर त्याच्या आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर सरकतं किंवा फाटतं. मग दांडा ‘फिल्टर’वर असतानाही थोडं पाणी गटाराकडे निसटतं. म्हणून फरश्या उकरण्याआधी पंप चालू ठेवून गटाराच्या पाइपचं तोंड पाहावं. तिथे बारीक धार दिसली, तर गळती फरशीत नाही, रबरात आहे, आणि ते बदलायचं काम तासाभराचं असतं.