वीस मिलिमीटरची पुली

समोरून दार उघडणाऱ्या जुन्या धाटणीच्या वॉशिंग मशीनची मागची पाठ उघडली की दिसते ड्रमची भलीमोठी पुली आणि खाली मोटरच्या दांड्यावर अंगठ्याएवढी छोटी पुली. हिशेबासाठी धरा: मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते, ड्रमला हवेत १,२००. गुणोत्तर साडेबारा. छोटी पुली २० मिलिमीटरची असेल तर मोठी २५० मिलिमीटरची पुरते आणि पॉली-व्ही पट्टा सेकंदाला सुमारे १६ मीटर धावतो.

हेच काम जुन्या व्ही-बेल्टने करून पाहू. त्याचा हलका 'ए' आकारही ८ मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्याला निदान ७५ मिलिमीटरची पुली लागते. मग ड्रमची पुली ९३७ मिलिमीटरची होईल, म्हणजे मशीनपेक्षाही मोठी. पट्ट्याचा वेग जाईल सेकंदाला ५९ मीटरवर, आणि व्ही-बेल्टची मर्यादा साधारण ३० मीटरची! केंद्रापासून बाहेर फेकणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून पट्टा खाचेतून सुटू पाहतो.

पॉली-व्ही पट्टा इथे जिंकतो तो पातळपणामुळे. त्याच्या 'पीजे' जातीत २.३४ मिलिमीटर अंतराने रिब असतात आणि ताण पेलणाऱ्या दोऱ्या वरच्या सपाट थरात. पट्ट्याची लांबी १,२७० मिलिमीटर असेल तर त्याचा प्रत्येक तुकडा सेकंदाला बारा वेळा छोट्या पुलीवर वाकतो. जाड रबर इतके वाकवले की ते आतून तापते आणि तडकते.

पकड मात्र जुन्याचीच चांगली, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. व्ही-बेल्ट ताण वाढला की खाचेत पाचरीसारखा आणखी रुततो. पॉली-व्हीचे रिब खाच जवळजवळ भरून टाकतात, रुतायला जागा उरत नाही. म्हणून त्याला जास्त ताणावे लागते, आणि तो भार बेअरिंगवर येतो. आपल्या उदाहरणात छोट्या पुलीला पट्ट्याचा वेढा १४७ अंशांचाच मिळतो. मोठ्या पुलीला तो २१३ अंशांचा मिळतो, त्यामुळे तिला खाचा नसल्या तरी चालते.

दुसरी मर्यादा सरळ रेषेची. पुल्या किंचित तिरप्या बसल्या तर कडेचा रिब आधी झिजतो. मोटारीत अशा पट्ट्याचा चिवचिवाट येतो. मेकॅनिक रिबवर पाण्याचा फवारा मारतो: आवाज क्षणभर थांबून परतला तर पुल्या तिरप्या, वाढला तर ताण कमी. नवे ईपीडीएम रबर जुन्या निओप्रीनसारखे तडकत नाही, टायरसारखे झिजते. तडा नाही म्हणून पट्टा चांगला, असे समजू नये. खाचेची खोली गेजने मोजावी.

पिठाच्या गिरणीत मात्र धूळ, झटके आणि मोठ्या पुल्यांना जागा, तिन्ही असतात. तिथे व्ही-बेल्टच ठेवावा.