तेलाचा गाळ कुठे साचतो?

माझ्या स्प्लेंडरची उजवी बाजू परवा पहिल्यांदा उघडली. गाडी २४,००० किलोमीटर चालली होती, ऑइल मात्र वेळेवर बदललेलं होतं. मेकॅनिकने ऑइल काढून किक आणि क्लचची केबल सोडवली, इंजिनाचं उजवं झाकण काढलं. क्रँकच्या टोकाला चपट्या डबीसारखा भाग दिसला. हाच सेंट्रिफ्युगल फिल्टर. त्याच्या झाकणाचे तीन स्क्रू निघाले आणि आत कडेने काजळासारखा घट्ट थर दिसला, बोटाच्या नखाएवढा जाड. खालच्या खाचेतली तारेची जाळी मात्र जवळजवळ स्वच्छ होती; तिच्यावर जुन्या गॅस्केटचे दोन तुकडे होते, इतकंच.

असं का होतं, ते डबीच्या फिरण्यात आहे. ती क्रँकबरोबर फिरते आणि तेल तिच्या मधोमध शिरतं. धातूची पूड, जळका कार्बन तेलापेक्षा जड, म्हणून कडेला फेकले जाऊन तिथेच चिकटतात, आणि निवळलेलं तेल कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे जातं. जाळीतून मात्र ही बारीक पूड सहज निसटते. तिचं काम मोठे तुकडे पंपात जाऊ न देणं, एवढंच.

म्हणून दर सर्व्हिसिंगला हे उघडायची गरज नाही. अशा गाड्यांच्या पुस्तिकेत दोन्हींच्या सफाईसाठी साधारण १२,००० किलोमीटरचा आकडा असतो, आणि तो पुरेसा आहे. उगाच उघडलं तर गॅस्केट फाटतं, स्क्रूची डोकी झिजतात. इंजिन नुकतंच खोललेलं असेल तर मात्र जाळी लवकर पाहावी. झाकणाला सिलिकॉन जास्त लावलं की त्याचे तुकडे जाळीवर बसतात, आणि जाळी बुजली की पंपाला तेल मिळत नाही.

कागदी फिल्टरच्या गाड्यांचं गणित वेगळं. डबी गाळाने भरली तरी तेल वाहत राहतं, फक्त निवळत नाही. कागद तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. तो धुऊन पुन्हा वापरायचा नसतो. पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदलायचा, ओ-रिंगही नवी घालायची. जुनी चपटी रिंग राहिली तर तेल फिल्टरला वळसा घालून निघून जातं.

आमच्या डबीतला गाळ मेकॅनिकने लाकडी काडीने खरवडला, डिझेलने पुसला. हवेचा पाइप मी आणू दिला नाही, कारण हवेने कचरा क्रँकच्या तेलवाटेत ढकलला जातो. दोन्ही गॅस्केटं नवी घातली, जाळी जशी निघाली तशीच सरकवली. या वेळी नेहमीपेक्षा थोडं जास्त ऑइल लागलं, म्हणून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद केलं, गाडी मधल्या स्टँडवर सरळ धरली आणि डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून पातळी पाहिली.