चमचाभर बिया, वाटीभर पालेभाजी

वाचकहो, बद्धकोष्ठतेची तक्रार घेऊन येणारा रुग्ण सहसा ती तक्रार शेवटी सांगतो. रक्तदाब तपासून झाला, गुडघेदुखीची गोळी लिहून झाली, की दाराशी जाता जाता हळूच विचारतो, "डॉक्टर, पोट साफ होण्यासाठी काही देता का?" सदुसष्ट वर्षांच्या एका काकूंनीही असेच विचारले. त्यांच्या आणि त्यांच्या यजमानांच्या प्रकृतीची हकिकत आज आपल्यापुढे ठेवतो. एकाच घरातल्या दोघांना एकच उपाय कसा निरनिराळा लागू पडतो, हे तीवरून चांगले समजते.

काकूंना तीन-तीन दिवसांनी शौचास होई, तेही खड्यांसारखे कठीण. सकाळचा तासभर त्यातच जाई. मुलीच्या घरी एकच शौचालय, म्हणून दोन वर्षे त्या तिच्याकडे राहायलाही गेल्या नव्हत्या. झोपताना मिल्क ऑफ मॅग्नेशिया या पांढऱ्या पातळ औषधाचे मोठे माप घेण्याची सवय लागली होती. ती मोडावी म्हणून कुठेतरी ऐकून त्यांनी भोपळ्याच्या बिया सुरू केल्या. पण त्रास कमी होण्याऐवजी वाढला.

मी विचारले, "काकू, बिया पांढऱ्या की हिरव्या?"

"पांढऱ्या. खारवून भाजलेल्या. टरफलासकटच खाते, चोथा मिळतो ना!"

चूक नेमकी येथेच होती. भोपळ्याच्या बीचे पांढरे टरफल चिवट असते आणि ते पचत नाही. अशी टरफले पुरेशा पाण्यावाचून मूठमूठभर पोटात गेली, की गुदाशयात त्यांचा गोळा होऊन मल अडकू शकतो. क्वचित तो गोळा डॉक्टरांना हाताने काढावा लागतो. खायचा असतो तो टरफलाच्या आतला हिरवट, मऊ गर.

आता मॅग्नेशियम आतड्यांत काय करते ते पाहू. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने तिला पाणी सुटते. क्षार पाणी ओढून घेतो. मॅग्नेशियमचे जे क्षार रक्तात शोषले जात नाहीत, ते आतड्याच्या पोकळीत असेच पाणी ओढतात आणि मल मऊ होतो. मिल्क ऑफ मॅग्नेशियाचे कार्य हेच. त्याच्या १५ मिलिलिटरांत साधारण ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते आणि ते सारे एकदम आतड्यांत उतरते. म्हणून परिणाम काही तासांत दिसतो.

आहारातले मॅग्नेशियम असे एकदम येत नाही. ते दिवसभरच्या घासांतून थोडे थोडे येते. त्यातील सुमारे तिसरा हिस्सा शरीर शोषून घेते आणि उरलेले मलाबरोबर पुढे सरकते. या उरलेल्या भागाचा परिणाम सौम्यच असतो. त्याला खरी साथ मिळते ती त्याच अन्नातल्या चोथ्याची आणि पाण्याची. त्यामुळे रात्री बिया खाल्ल्या आणि सकाळी पोट साफ झाले, अशी अपेक्षा कृपया धरू नये. हा दोन-तीन आठवड्यांचा उपाय आहे.

काकूंचा रोजचा आहार विचारला. सकाळी चहा-पोहे, दुपारी पोळी, बटाट्याची भाजी आणि वरण-भात, संध्याकाळी चहा-बिस्कीट, रात्री मऊ खिचडी. दात दुखतात म्हणून पालेभाजी बंद, आणि वारंवार उठावे लागते म्हणून पाणी कमी. शिवाय हाडांसाठी रोज कॅल्शियमच्या दोन गोळ्या. कॅल्शियम कार्बोनेटने अनेकांना मलावरोध होतो. ती गोळी मीच लिहून दिली होती आणि पोटाची चौकशी करायची मात्र राहून गेली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, थायरॉइड आणि क्रिएटिनिन तपासून घेतले. सारे ठीक निघाले. दूध-दह्यातून मिळणारे कॅल्शियम मोजून गोळी एकच ठेवली आणि मग आहाराकडे वळलो.

पहिली भोपळ्याची बी. सोललेला गर पोह्यांच्या चमच्याने दोन चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, घेतला तर त्यातून साधारण ११० मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते. प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज ३०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास धरली, तर दोन चमच्यांत हे बरेच झाले. सोललेल्या गरात चोथा मात्र बेताचाच असतो. काकूंचे दात लक्षात घेऊन मी चटणी सुचवली. गर मंद आचेवर किंचित फुलेपर्यंत भाजायचा आणि जिरे, लसूण, सुकी मिरची व मीठ घालून भरड कुटायचा. आठवड्यापुरतीच करावी, या बियांत तेल पुष्कळ असते, ती लवकर खवट होते.

दुसरा बदाम. दहा बदामांतून सुमारे ३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि दीड ग्रॅम चोथा मिळतो. आपल्याकडे बदाम रात्री भिजवून सकाळी सोलून खाण्याची रीत आहे. भिजवण्याने ते चावायला सोपे होतात, हा फायदा खरा. पण साल काढून टाकली तर तिच्यातला चोथाही जातो. पोटासाठी खायचे असतील तर सालीसकट, नीट चावून खावेत. दात नसतील तर सालीसकटच वाटून दुधात किंवा लापशीत घालावेत.

तिसरी पालेभाजी, आणि माझ्या मते तिघींत हीच मोलाची, कारण मॅग्नेशियम, चोथा आणि पाणी ही तिन्ही तिच्यात एकत्र असतात. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागी मॅग्नेशियमच असते. १०० ग्रॅम कच्च्या पालकात ते सुमारे ८० मिलिग्रॅम असते; शिजवल्यावर तेवढ्या पानांची जेमतेम वाटीभर भाजी होते. मात्र मॅग्नेशियम पाण्यात उतरते. भाजी उकळून पाणी ओतून दिले की त्याचा बराच भाग मोरीत जातो. म्हणून पाने आधी धुऊन मग चिरावीत आणि अंगच्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावीत, नाहीतर डाळीबरोबर पातळ भाजी करावी. माठाचे कोवळे देठही टाकू नयेत. पालकात ऑक्झलेट अधिक असते आणि ते मॅग्नेशियमचे शोषण कमी करते. यासाठी आठवड्यात मेथी, माठ, चाकवत, शेपू आणि पालक आलटून पालटून करावे.

तिन्ही मिळून दिवसाकाठी सुमारे २२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम झाले आणि चोथा चार-पाच ग्रॅम. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा असतो. पोळी-भाकरी, कडधान्ये आणि फळे यांची जागा ही तीन घेऊ शकत नाहीत, हे यावरून लक्षात यावे.

काकूंना मी सारे निम्म्या मात्रेने सुरू करायला सांगितले. एक चमचा चटणी, पाच बदाम, अर्धी वाटी भाजी. पाणी संध्याकाळी सहाच्या आत वाढवायचे, म्हणजे रात्री उठावे लागणार नाही. सकाळी चहानंतर पंधरा-वीस मिनिटांत शौचास बसायचे, कारण पोटात काही गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते. पांढरे औषध रोजचे बंद. तीन दिवस काहीच झाले नाही तरच घ्यायचे. काय होते ते दिनदर्शिकेवर लिहायचे.

पहिल्या आठवड्यात गुबारा धरला आणि औषध एकदा घ्यावे लागले. दुसऱ्या आठवड्यात मात्रा पूर्ण केली. बाराव्या दिवसापासून खडे जाऊन मल बांधीव पण मऊ होऊ लागला. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एक दिवसाआड, कधी रोज, दहा मिनिटांत काम होऊ लागले. उपाय लागू पडतो आहे हे ओळखायचे ते असे. रोज झालेच पाहिजे असा हट्ट नसावा; मल मऊ असावा आणि कुंथावे लागू नये, एवढे पुरे. उलट जुलाबासारखे पातळ होऊ लागले तर मात्रा कमी करावी.

याच भेटीत मी सहज विचारले, "घरी ते पांढरे औषध आणखी कोणी घेते का?"

"हे घेतात ना. महिना झाला. हल्ली सारखे झोपाळलेले असतात, पायांत जोर नाही म्हणतात."

काका बहात्तर वर्षांचे, जुने मधुमेही. त्यांचे क्रिएटिनिन दोन वर्षांपासून वाढलेले. शरीरातले जादा मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती थकली, की तेच मॅग्नेशियम रक्तात साठू लागते. गुंगी, स्नायूंची दुर्बलता, उतरलेला रक्तदाब आणि मंदावलेली नाडी ही त्याची लक्षणे. त्याच दुपारी काकांचे रक्त तपासले. मॅग्नेशियम बरेच वाढलेले होते. औषध बंद करून त्यांना दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा ते सावरले. बाटली घरात एकच होती, मूत्रपिंडे मात्र दोघांची दोन तऱ्हेची.

काकांना मी काकूंची चटणी आणि भाजीही तशीच दिली नाही. मूत्रपिंडाच्या आजारात पालेभाज्या आणि बियांतले पोटॅशियम व फॉस्फरसही मोजावे लागते. त्यांचा आहार मूत्रपिंडतज्ज्ञांनी आखला आणि पोटासाठी मॅग्नेशियमविरहित औषध दिले.

वाचकहो, आपल्या घरी हा आहार सुरू करण्यापूर्वी एवढे पाहावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून काही सुरू करू नये. ऑक्झलेटचे मूतखडे होत असतील तर पालक आणि बदाम बेतानेच. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाजीचे प्रमाण एकाएकी वाढवू नये. तिच्यातले के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करते. लहान मुलांना बिया आणि बदाम अख्खे देऊ नयेत, कूट करून द्यावेत.

आणि काही वेळा आहार हा उपायच नसतो. पन्नाशीनंतर शौचाची सवय नव्याने बदलली, मलातून रक्त गेले, वजन उतरू लागले किंवा हिमोग्लोबिन घटले, तर बिया खात थांबू नये, तपासणी करून घ्यावी. पोट फुगून दुखते आहे, उलट्या होत आहेत आणि वायूही सरत नाही, असे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काकू मागच्या महिन्यात मुलीकडे दहा दिवस राहून आल्या. जाताना चटणीची बरणी बरोबर नेली होती. ते पांढरे औषध अजून त्यांच्या कपाटात आहे. महिन्यातून एखादे वेळी लागते. फक्त बाटलीवर आता त्यांनी मोठ्या अक्षरांत आपले नाव लिहून ठेवले आहे.