दहा रुपयांवर अडलेली सिद्धता

फक्त ३ आणि ५ रुपयांची टपाल तिकिटे हाताशी असली, तरी ८ रुपयांपासून पुढची पूर्ण रुपयांतली कोणतीही रक्कम पाकिटावर लावता येते. हे विधान खरे आहे आणि ते गणिती विगमनाने, म्हणजे इंडक्शनने, सिद्ध करता येते. आधी पहिली रक्कम तपासायची, मग आधीच्या रकमांवरून पुढची मिळवून देणारी पायरी दाखवायची.

वहीत बहुधा असे उतरते. ८ म्हणजे ३ + ५, ही सुरुवात. आता ८ पेक्षा मोठी रक्कम n घेऊ आणि ८ पासून n च्या अलीकडच्या सगळ्या रकमा जमतात असे गृहीत धरू. मग n − ३ जमते. तिला ३ चे एक तिकीट जोडले की n जमली.

वाचताना काही खटकत नाही. पण n च्या जागी १० ठेवून पाहा. सिद्धता सांगते, ७ रुपये जमवा आणि ३ चे तिकीट लावा. ७ रुपये या तिकिटांनी होतच नाहीत! गृहीतक ८ पासूनच्या रकमांचे होते आणि आपण त्याच्या नावावर ७ घेतले. ९ च्या वेळी ६ घेतले. ते ३ + ३ असे जमते खरे, पण गृहीतकाने ते दिलेले नव्हते.

निष्कर्ष खरा असल्याने ही चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटते, म्हणूनच ती मला जास्त घातक वाटते. ५ ऐवजी ६ चे तिकीट घ्या. ९ म्हणजे ३ + ६. पुढचा मजकूर शब्दशः तोच ठेवला, तर ९ पासूनची प्रत्येक रक्कम ‘सिद्ध’ होते. पण ३ आणि ६ मधून १० कधीच होणार नाहीत.

पायरी तीन रुपयांची उडी मारते, म्हणून सुरुवातीला तीन रकमा स्वतंत्रपणे तपासाव्या लागतात: ८ = ३ + ५, ९ = ३ + ३ + ३, १० = ५ + ५. त्यानंतर n किमान ११, म्हणजे n − ३ किमान ८. आता गृहीतक खरोखर हाताशी आहे.

एकट्या ८ वर भागवायचे असेल, तर पायरी एकेका रुपयाची हवी. जमलेल्या रकमेत ५ चे तिकीट असेल, तर ते काढून ३ ची दोन लावा. एक रुपया वाढला. ५ चे नसेल, तर सगळी तिकिटे ३ ची. रक्कम किमान ८ असल्याने ती निदान तीन तरी असणार. त्यांतली तीन काढून ५ ची दोन लावा, म्हणजे ९ चे १० झाले. ‘किमान ८’ ही अट नेमकी इथे कामी येते. ६ रुपयांत ३ ची दोनच तिकिटे असतात, म्हणून तिथून ७ वर जाता येत नाही.