आईच्या पैठणीचा लेहंगा शिवायचाय? कात्री लावण्याआधी हे गणित बघा

रीलमध्ये अर्ध्या मिनिटात सगळं होतं. कपाटातून जुनी साडी निघते, एक गिरकी, आणि समोर घेरदार लेहंगा. मधला भाग कुणी दाखवत नाही. प्रत्यक्षात मात्र अनेकदा असं होतं की लेहंगा घरी येतो तेव्हा कमरेपाशी गोधडीसारखा जाड झालेला असतो, किंवा खालचा काठ मधेमधे टोकं काढत लोंबत असतो. साडी तर कापून झालेली असते.

या दोन्ही गोष्टी शिलाई वाईट असल्यामुळे होतातच असं नाही. बहुतेक वेळा साडीचं माप आणि लेहंग्याचा प्रकार एकमेकांशी जुळत नसतो. ते आधी कसं ओळखायचं, हे एका पैठणीच्या उदाहरणातून समजून घेऊ.

सगळ्यात आधी कापड तपासा

जुनं रेशीम घडीवर विरतं. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिली असेल, तर तिथले धागे कमकुवत झालेले असतात आणि जरीजवळ ते आणखी लवकर तुटतात. साडी खिडकीसमोर किंवा ट्यूबलाइटसमोर उघडून धरा. घडीच्या रेषेवर बारीक उजेड दिसला, तर ती जागा संपत आली आहे असं समजा. मग दोन्ही अंगठे कापडावर जवळजवळ ठेवून हळूच बाजूला ताणा. धागे सरकून फट पडली, तर त्या कापडावर प्लीट्सचा ताण देता येणार नाही. आणखी एक नाजूक जागा म्हणजे काठ आणि अंग जिथे जोडलेले असतात तो सांधा. हातमागावरच्या साडीत बऱ्याचदा काठाचा बाणा वेगळा असतो आणि तो अंगाच्या बाण्यात अडकवलेला असतो. तिथेही हाच प्रयोग करून बघा.

फॉल काढताना उसवणीने एकेक टाका कापा, ओढू नका. फॉलखालचा रंग बाकीच्या साडीपेक्षा गडद निघू शकतो. टाचेजवळ खालचा काठ झिजलेला असेल तर घाबरायचं कारण नाही. दोन्ही काठ सारख्या रुंदीचे असतील, तर वरचा काठ खाली घेता येतो. तो कमरेत खोचलेला असल्यामुळे चुरगळलेला असतो, पण सहसा झिजलेला नसतो. फक्त अंगावरच्या बुट्ट्या उलट्या होणार नाहीत ना, हे बघून घ्या.

ड्रायक्लीन किंवा पॉलिश करायचं असेल तर ते कापण्याआधी करा. जुनं रेशीम त्यात थोडं आटू शकतं, आणि शिवून झाल्यावर अस्तर तेवढंच राहून रेशीम आटलं, तर काठ वर ओढला जातो.

काठ सरळ असतो, घेर गोल असतो

खरी अडचण इथे आहे. साडीचा काठ लांबीच्या बाजूने सरळ रेषेत विणलेला असतो. अंब्रेला कटचा खालचा घेर वर्तुळाकार असतो. सरळ पट्टी वर्तुळावर सपाट बसत नाही. दोन-तीन इंचांहून रुंद, जरीचा कडक काठ गोलाकार फिरवायला गेलं की वरच्या बाजूला चुण्या पडतात. म्हणून रुंद काठाच्या साडीचा अंब्रेला लेहंगा करायचा विचार सोडून दिलेलाच बरा.

मग राहतात दोन मार्ग: सरळ कापडाला प्लीट्स घालणं किंवा कळ्या पाडणं.

कळीतही काठ खाली सरळच राहतो, पण कळीच्या दोन्ही बाजू तिरप्या असतात. तिरपी बाजू मधल्या उभ्या रेषेपेक्षा लांब असते, म्हणून दोन कळ्या जोडल्या की सांध्याजवळ काठ खाली उतरतो. किती उतरेल, हे कळ्यांच्या संख्येवर ठरतं. कंबर ३२ इंच आणि कळीची उंची ४० इंच धरू. सहा रुंद कळ्या पाडल्या, तर प्रत्येक सांध्यावर काठ साधारण दीड इंच खाली येतो. ही सहा टोकं लांबूनही दिसतात. त्याच कापडाच्या १६ अरुंद कळ्या केल्या, तर हा फरक पाव इंचाहूनही कमी होतो आणि घेर गोल भासतो. पण मग काठावरची नक्षी १६ ठिकाणी तुटते. बारीक, सलग रेघांच्या काठाला हे चालून जातं. पैठणीच्या काठावर मोर किंवा मुनिया असतील, तर अर्धा पक्षी इकडे आणि अर्धा तिकडे होतो. अशा साडीला प्लीट्सच बऱ्या, कारण त्यात काठावर कात्री फिरत नाही.

प्लीट्स किती घालायच्या?

आता आकडे घेऊ. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब असते. तिची रुंदी ४५ इंच आणि दोन्ही काठ ४-४ इंचांचे आहेत असं समजू. पदराचे ३४ इंच वेगळे काढले, आत खोचायच्या टोकाचा झिजलेला भाग आणि शिलाई सोडली, की हातात १७० इंच उरतात.

कंबर ३२ इंच. एका बाजूला झुकणाऱ्या साध्या प्लीट्स एकमेकींना टेकून बसवायच्या असतील, तर कमरेच्या तिप्पट कापड लागतं. म्हणजे ९६ इंच. तेव्हा कमरेवर प्रत्येक ठिकाणी तीन थर असतात. सगळेच्या सगळे १७० इंच कमरेत कोंबले, तर हे प्रमाण पाचपटीच्या वर जातं आणि प्लीट्स एकमेकींवर चढतात. वर अस्तर, कॅनकॅन असेल तर त्याचीही जाडी आणि बेल्टची पट्टी येते. पोट नसलेल्या मुलीलाही पोट दिसतं. ‘घेर जास्त पाहिजे, सगळं कापड वापरा’ ही टेलरला सांगायची सूचना महागात पडते, ती अशी.

यातून सुटायला दोन पर्याय आहेत. पहिला, चौपटीवर थांबायचं. १२८ इंच कापडात ३२ प्लीट्स पडतात. प्रत्येक प्लीट वर एक इंच दिसते आणि तीन इंच मागे दुमडलेले असतात. खालचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास येतो आणि उरलेल्या ४२ इंचांत ब्लाउजची सोय होते.

दुसरा पर्याय योकचा. कमरेपासून सात इंचांपर्यंत अंगाला बसणारा सपाट भाग शिवायचा आणि प्लीट्स त्याच्या खालच्या कडेला, म्हणजे हिपवर सुरू करायच्या. तिथे माप ४० इंच असेल, तर पूर्ण १७० इंच कापड साधारण सव्वाचारपटीत बसतं. जाडी येते, पण ती अशा जागी येते जिथे ती खटकत नाही. घेर हवाच असेल, तर हाच मार्ग घ्यावा. मात्र ब्लाउज आखूड असेल तर योक दिसणार, त्यामुळे तो साडीच्याच कापडाचा हवा.

उंची वरून कापा, खालून नाही

खालचा काठ म्हणजे तयार कड आहे. ती दुमडायची नाही, कापायचीही नाही. लेहंग्याची उंची कमी-जास्त होते ती वरच्या बाजूला.

बेल्टसकट ४१ इंच उंची हवी आणि बेल्ट दीड इंचाचा असेल, तर शिलाई धरून ४० इंच कापड लागतं. साडीची रुंदी ४५ असल्यामुळे वरचे पाच इंच निघून जातात. म्हणजे नेमका वरचा काठ आणि त्याला लागून इंचभर अंग. हे फायद्याचंच आहे, कारण जरीचा काठ कमरेच्या प्लीट्समध्ये दुमडला असता तर जाडी आणखी वाढली असती. निघालेली लांब पट्टी ब्लाउजच्या बाह्यांना किंवा ओढणीच्या कडेला लावता येते. योक करणार असाल, तर प्लीट्सच्या भागाची उंची ३४ इंचच लागते आणि वरून साडेदहा इंचांची पट्टी मिळते. तिच्यातून योक निघतो.

इथेच एक मर्यादाही लक्षात येते. पाच फूट आठ इंच उंचीच्या मुलीला टाचेच्या सँडलसह लेहंगा ४५ इंचांच्या आसपास लागू शकतो. तेव्हा साध्या बेल्टने वरचा काठ बराचसा प्लीट्समध्येच राहतो, म्हणून योक घेतलेला बरा.

गाउनमध्ये ही मर्यादा जास्त जाणवते. छातीखालून जमिनीपर्यंत पडणाऱ्या गाउनला बहुतेकींना ४५ इंचांहून जास्त कापड लागतं आणि साडीच्या रुंदीत ते बसत नाही. म्हणून जोड कमरेवर घ्यायचा. वरचा भाग पदरातून शिवायचा, खालचा लेहंग्यासारखाच. पैठणीचा पदर जरीने कडक झालेला असतो, प्लीट्समध्ये तो ताठ उभा राहतो. सपाट बसणाऱ्या बॉडीससाठी मात्र तो चांगला. ज्या पदराच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात, तो कापताच उसवतो. कापण्याआधी आखलेल्या रेषेच्या आतून एक शिलाई मारून घ्यावी लागते.

पक्की शिलाई मारण्याआधी

रेशमात सुईची भोकं राहतात, त्यामुळे मशीनवर ‘बघू, नाही जमलं तर उसवू’ चालत नाही. प्लीट्स आधी हाताने कच्च्या टाक्यांत घालाव्यात. ३२ प्लीट्समध्ये प्रत्येकी दोन दोऱ्यांइतकी, म्हणजे पाव इंचाची चूक झाली, तर कमरेत आठ इंचांचा फरक पडतो. म्हणून कापडाचे आणि कमरेचे चार-चार भाग करायचे. चौपटीच्या लेहंग्यात ३२ इंच कापडात आठ प्लीट्स आणि त्या आठ इंचांत बसल्या पाहिजेत. एक भाग जुळला की मगच पुढचा.

दोन टोकं जिथे जुळतात, तिथे काठाची नक्षी मधेच तुटते. ही जोडणी डाव्या बाजूला, चेनच्या रेषेत आणि प्लीटच्या आतल्या घडीत आली पाहिजे. कच्चा लेहंगा अस्तरासकट, ज्या चपला घालायच्या आहेत त्या घालून अंगावर चढवायचा आणि कुणाला तरी जमिनीवर बसून काठ बघायला सांगायचं. मागून काठ उचललेला दिसला, तर मागचा भाग बेल्टमधून थोडा खाली सोडायचा. समोर लोळत असेल, तर समोरून वर अर्धा इंच जास्त आत घ्यायचा. काठाला तेव्हाही हात लावायचा नाही.

कापड तपासताना विरलेलं निघालं असेल, तर रेशमाच्या मागे मऊ सुती अस्तर पूर्ण उंचीचं घेऊन दोन्ही थर एकत्र धरूनच प्लीट्स घालतात. मग ओझं अस्तर पेलतं. पण थर दुप्पट होतात, त्यामुळे घेर तिपटीवर आणावा लागतो. आणि अंगठ्याने ताणताच फट पडत असेल, तर त्या साडीचा लेहंगा करू नये. तिचे काठ आणि पदर सोडवून नव्या साध्या रेशमावर लावता येतात. नव्या कापडाचा खर्च वाढतो, पण मोर टिकतात.