दोन पिशव्या, तीन वजनं

घरातल्या स्प्रिंगच्या काट्याला कांद्याची पिशवी टांगली, काटा ५.१ किलोवर थांबला. बटाट्याची पिशवी ३.० किलो भरली. खात्री म्हणून दोन्ही एकदम टांगल्या. यायला हवे होते ८.१, आले ८.४. आता काट्यावर किती विश्वास ठेवायचा?

गणितवाल्यांना हा पसारा एका छोट्या मॅट्रिक्समध्ये मांडता येतो. पहिला स्तंभ कांद्याचा, दुसरा बटाट्याचा. ओळी म्हणजे तीन वजनं. पिशवी काट्यावर असेल तर १, नसेल तर ०.

```
    १  ०
A = ०  १
    १  १
```

दोन खरी वजनं आत घातली की A तीन आकडे बाहेर देते. आपल्याला उलट जायचंय, तीन आकड्यांवरून दोन वजनांकडे. पण शाळेत शिकवलेला व्यस्त इथे चालत नाही, कारण तो चौरस मॅट्रिक्सचाच असतो. म्हणून अशी मॅट्रिक्स L शोधायची, की ती A च्या डावीकडे ठेवून गुणाकार केला तर एकक मॅट्रिक्स मिळावी. हाच A चा डावा व्यस्त.

गंमत अशी, की असे डावे व्यस्त कितीतरी आहेत. एक म्हणतो, तिसरं वजन विसरा: कांदे ५.१, बटाटे ३.०. दुसरा म्हणतो, पहिलं विसरा, एकत्र वजनातून बटाटे वजा करा: कांदे ५.४. काटा अचूक असता तर दोघांचं उत्तर एकच आलं असतं. चूक शिरली की ते भांडू लागतात. माझं मत तिसऱ्याला, कारण तो कोणतंच वजन फेकून देत नाही:

```
L = (AᵀA)⁻¹Aᵀ = १/३ ×   २  -१   १
                       -१   २   १
```

इथे Aᵀ म्हणजे ओळींचे स्तंभ करून आडवी केलेली A. वरची ओळ सांगते, कांद्याची दुप्पट घ्या, बटाटे वजा करा, एकत्र वजन मिळवा आणि तीनने भागा. (१०.२ − ३.० + ८.४) ÷ ३ म्हणजे ५.२. तसेच बटाटे ३.१, मग बेरीज ८.३. तिन्ही वजनांनी १०० ग्रॅमची चूक सारखी वाटून घेतली. चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवण्याची ही पद्धत लेजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. गाउसने १८०९ मध्ये ती आपण आधीपासून वापरत असल्याचं लिहिलं आणि वाद पेटला.

हीच L उजवीकडे ठेवली तर? एकक मॅट्रिक्स येत नाही. ५.१, ३.० आणि ८.४ चे ५.२, ३.१ आणि ८.३ होतात, म्हणजे न जुळणारे आकडे जवळच्या जुळणाऱ्या आकड्यांवर जाऊन बसतात. दुसरी कोणतीही L घेतली तरी सुटका नाही. तीन आकडे एकदा दोनच्या फटीतून गेले की मनाला येतील ते तीन परत मिळत नाहीत.

डावा व्यस्त कधी नसतो? समजा, कांदे-बटाटे कायम बरोबरीनेच टांगले: एक-एक पिशवी, दोन-दोन, तीन-तीन. मग दोन्ही स्तंभ हुबेहूब सारखे होतात. कांद्याची पिशवी एक किलोने जड आणि बटाट्याची तेवढीच हलकी असली तरी काट्याला पत्ता लागत नाही, आणि हरवलेली माहिती कुठलीच L परत आणणार नाही. एक स्तंभ दुसऱ्यांपासून बनवता येत नसेल तरच डावा व्यस्त असतो. पारख सोपी आहे, AᵀA चा निश्चयक शून्य आला की नाद सोडा.

स्तंभ जवळजवळ सारखे असले तर जास्त फसगत होते. शंभर कांदे आणि शंभर बटाटे तोलले, मग शंभर कांदे आणि एकशे एक बटाटे. वजनांतला फरक म्हणजे एक बटाटा. बटाटा असेल १०० ग्रॅमचा आणि काटा तेवढाच चुकत असेल, तर उत्तर शून्यही येईल, दोनशेही. व्यस्त कागदावर आहे, पण उपयोगाचा नाही.

आता A आडवी करा. दोन ओळी, तीन स्तंभ. ही दुकानदाराची मॅट्रिक्स समजू: एक किलो कांद्याचं पाकीट, एक किलो बटाट्याचं आणि दोन्ही एकेक किलो असलेलं मिश्र पाकीट. गिऱ्हाइकाला ५ किलो कांदे, ३ किलो बटाटे हवेत. इथे डावा व्यस्त नाही, कारण पिशवीतल्या मालावरून पाकिटं कोणती होती ते ओळखता येत नाही. पण उजवा आहे: मागणी काहीही असो, तो पाकिटांची एक यादी देतो. ओळी परस्परांपासून स्वतंत्र असल्या की तो असतोच. दुकानात फक्त मिश्र पाकिटं असती तर दोन्ही ओळी सारख्या झाल्या असत्या, आणि ५ व ३ ही मागणी कधीच पुरी झाली नसती.

उजवे व्यस्तही अनेक. एक सांगतो ५, ३, ०. दुसरा २, ०, ३. आणि वरच्या L ला आडवी करून मिळणारा, पाकिटांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी ठेवणारा, सांगतो ७/३, १/३, ८/३. पाकिटं फोडायची नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.